आज पाव बसलेत

बेकरीच्या सोशल मीडिया खात्यावर रोज सकाळी एक फोटो पडायचा. फोटो बेकरीवाला काढायचा आणि दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या लेकीला पाठवायचा. ती वर एक खुशीत आलेलं वाक्य आणि खाली हॅशटॅगांची रांग लावून तो टाकायची, आणि बापाला एक अंगठा धाडायची. दिवसभरातलं दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच. बायको गेल्यापासून त्या अंगठ्यावर बेकरीवाल्याची सकाळ तरून जात होती. हे तो कबूल करणार नव्हता, पण खरं होतं.

मग लेकीला बढती मिळाली. "बाबा, आता तुम्हीच टाकत जा. मी साचा करून पाठवलाय, फक्त पदार्थाचं नाव बदलायचं," म्हणाली. बापाने "बरं" म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

नेमका दुसऱ्याच दिवशी त्याला उठायला उशीर झाला. पीठ रात्रभर फुगत राहिलं, भलतंच फुगलं, आणि भट्टीत गेल्यावर पाव मधोमध खाली बसले. फोटो काढला, साचा चिकटवला, घाईघाईत टाकला. जरा वेळाने समोरचा शिंपी गळ्यात टेप तशीच लटकवून हसत आला.

"काय शेठ, आजचा नवा माल काय म्हणता? ऐका. 'ताज्या ताज्या आनंदाची भट्टी! खास तुमच्यासाठी इथे पदार्थाचं नाव लिहा!' एक डझन द्या की मला!"

बेकरीवाल्याने चष्मा लावून पाहिलं. साच्यातली कंसातली सूचना तशीच राहिली होती. खाली हॅशटॅग मोजायलाही कंटाळा येईल इतके, आणि वर 'आनंदाची भट्टी'. आनंद! त्याचा पारा चढला, शिंप्यावर नव्हे, त्या शब्दावर. भट्टीपाशी उभा राहून घाम गाळणाऱ्या माणसाला असलं वाक्य सुचेल तरी का?

शिंपी गेल्यावर त्याने कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, 'बदल करा'वर गेला आणि हॅशटॅगांसकट सगळं पुसून टाकलं. मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं:

"आज पाव बसलेत. पीठ जास्त आंबलं. आत मोठी भोकं आहेत, लोणी लावाल तर खालून गळेल. चव किंचित आंबट आहे, चहात बुडवायला चालेल. भाव निम्मा. मला उठायला उशीर झाला. घरात उठवणारं कोणी नाही आता. बिस्किटं मात्र चांगली झालीत."

आणि ते तसंच टाकलं. लिहून झाल्यावर त्याला उगाच हलकं वाटलं.

गर्दी वगैरे काही लोटली नाही. परदेशातले कोण कोण रोज फोटोखाली लाल बदाम टाकायचे, ते एकजात गायब झाले. गल्लीतली एक शिक्षिका येऊन मुद्दाम बसकेच पाव मागून घेऊन गेली. पण दुपार नेहमीसारखीच कोरडी होती. काउंटरवर हात टेकून तो रस्त्याकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंय? आपलाच माल वाईट म्हणून कोणी सांगतं का? आणि हॅशटॅग कुठे गेले? नवीन लोकांना दिसणार कसं?"

"वाईट झाला होता म्हणून लिहिलं."

"आणि ते घरात कोणी नाही वगैरे? आत्याचा फोन आला मला. बापाला वाऱ्यावर सोडलंय म्हणाली. ते वाक्य काढा आधी. हे बघा, उद्यापासून परत मीच टाकते. तुम्ही नुसता फोटो पाठवा."

हेच तर हवं होतं बेकरीवाल्याला. फोटो जाईल, अंगठा येईल, सकाळ तरेल. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. जन्मभर त्याने तेवढंच तर म्हटलं होतं.

"नको," तो म्हणाला. "मीच लिहीन. वाक्य काढणार नाही, खरं आहे ते. मला करमत नाही गं. तुला सांगायला जमलं नाही, म्हणून तिथे लिहिलं गेलं."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी वाचत जाईन," लेक म्हणाली. आवाज उतरला होता. "रोज जमेल असं नाही, बाबा. खोटं कशाला सांगू?"

"नको सांगूस."

"इतके दिवस मी तुमचे फोटोसुद्धा नीट बघत नव्हते. न बघताच टाकायचे."

"माहीत होतं मला," बेकरीवाला म्हणाला, आणि ते त्याला खरोखरच माहीत होतं.