आधी सुई

माझ्या अब्बांना काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळं कागल त्यांना सिकंदर वस्ताद म्हणतं. तालमीत त्यांनी एकदा शब्द टाकला की पुढं बोलायची कुणाची टाप नसते. घरातही तसंच चालावं असं त्यांना वाटतं. फक्त घरात मी आहे, आणि मी त्यांचीच मुलगी आहे.

आमचं भांडण कायम एकाच गोष्टीवरून. मी कॉलेजात असताना माझ्या मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन इवल्याशा ग्रंथींनी काम सोडलं. अंग काळवंडलं, उठलं की भोवळ यायची, आणि मी लोणच्याच्या बरणीतलं मीठ चाटत बसायचे. वर्षभर अब्बांनी मला बदाम आणि दूध पाजलं. शेवटी कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की ग्रंथीतून जो हार्मोन यायला हवा तो येत नाही. तो नसला तर रक्तदाब पडतो, साखर पडते, शरीरातलं मीठ टिकत नाही, आणि माणूस मरू शकतो. तेव्हापासून मी हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, न चुकता.

अब्बांना या गोळ्या कधी पटल्या नाहीत. त्याला कारण होतं, सम्राट. मी शाळेत असताना तो त्यांचा लाडका पठ्ठ्या होता. चोरून वजन वाढवायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या खायचा. कित्येक महिने खात होता म्हणे. अब्बांना कळलं तेव्हा त्यांनी सगळी पाकिटं विहिरीत फेकली, पोराला तालमीत कोंडून ठेवलं आणि दुधावर धरलं. तरी पोरगा वाचला नाही. तेव्हापासून तालमीत गोळी नाही, सुई नाही. घरातही नको, असा त्यांचा हट्ट. "भाईरचं औषिध घेतलं की आतलं झोपतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. माझं आतलं आधीच मेलंय, म्हणून बाहेरचं घ्यावं लागतं, हे मी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

मला दिवस गेले तेव्हा माझा नवरा कामिल आनंदानं नाचला आणि मी घाबरले. पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्या इतर बायकांना नुसत्या त्रासाच्या असतात. माझी गोळी पोटात राहिलीच नाही, तर ती घेतली काय नि न घेतली काय. दोनदा दवाखान्यात भरती होऊन सलाइनमधून औषध घ्यावं लागलं. डॉ. संयोगिता या माझ्या प्रसूतीच्या डॉक्टर. त्यांनी कामिलला आणि मला समोर बसवून नियम पाठ करून घेतला. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यायची. तीही पडली तर वाट बघत बसायचं नाही. मांडीत शंभर मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि तडक दवाखाना. कामिल फ्रीज-एसी दुरुस्त करतो, हात स्थिर आहे त्याचा. मोसंब्यावर सराव करून तो तयार झाला. इंजेक्शनची पावडर, पाण्याची कुपी आणि सिरिंज माझ्या जुन्या कंपासपेटीत बसली. ती पेटी मी जाईन तिथं माझ्याबरोबर जायची.

सातव्या महिन्यात नेहमीचं सुरू झालं. पहिलं बाळंतपण माहेरी. डॉक्टर म्हणत होत्या कोल्हापुरातच राहा. अम्मी रडली, मावश्यांनी फोन केले, आणि शेवटी ठरलं, की काही आठवडे कागलला राहायचं, दिवस जवळ आले की कोल्हापूर. मी गेले. चूक कुणाची म्हणायची? प्रेम करणारी माणसं एकत्र जमली की शहाणपणाला जागा उरत नाही.

त्याच सुमारास डॉक्टरांनी माझी गोळी थोडी वाढवली. शेवटच्या महिन्यांत शरीराची गरज वाढते, म्हणून. मी वेंधळ्यासारखं हे जेवताना बोलून गेले. अब्बांनी भाकरी ताटात ठेवली.

"वाढला का न्हाय डोस? सम्राटचाबी असाच वाढत गेलता."

मी ग्रंथी, गर्भाशयातली वार, बाळ, सगळं पुन्हा सांगितलं. ते तोंड धुवायला उठून गेले.

त्यानंतर आठवड्याभरानं मला सकाळी उलटी झाली. काय बाधलं कुणास ठाऊक. आधी चहा पडला, मग गोळी. पुन्हा गोळी घेतली, तीही पडली. पोटात कळा यायला लागल्या, पाय कापसाचे झाले. अम्मी म्हणाली, पोटुशी बाई ओकणारच, लिंबू चाट. अब्बा म्हणाले, पोटाला उपास दे, पैलवानाला असंच करतो आम्ही. मला ओरडायचं होतं, की मी पैलवान नाही. त्याऐवजी मी अम्मीला कंपासपेटी आणायला सांगितलं.

अम्मीनं बॅग उलटी केली. कपडे, फाइल, बाळाची टोपडी. पेटी नव्हती.

अब्बा दारात उभे होते. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं.

"अब्बा, पेटी कुठं हाय?"

"तालमीत. माझ्या ट्रंकंत, कुलपात. त्ये इख तुझ्या अंगात जायचं न्हाय."

इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. त्यांना काय काय सुनवायचं ते सगळं डोक्यात तयार होतं. मी तोंड उघडलं आणि शब्द जागेवर येईनात. जीभ जड झाली, घाम गार होता, आणि समोरची भिंत हळूच तिरकी झाली. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि गप्प राहिले.

पुढचं अम्मीनं सांगितलं म्हणून मला माहीत. मी भांडत नाही, हे बघून अब्बा घाबरले. लहानपणापासून तापातसुद्धा मी त्यांना उलट उत्तर दिलेलं आहे. "आफशीन गप का झाली?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग गुडघा निकामी झालेला तो माणूस गल्ली ओलांडून धावत तालमीत गेला. किल्ली सापडेना, म्हणून ट्रंकेचं कुलूप पहारीनं उचकटलं.

अम्मीनं कामिलला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. तो कोल्हापुरातून ओरडून सांगत होता. कुपीतलं पाणी पावडरमध्ये घाला. फिरवा, सगळं विरघळू दे. सिरिंजमध्ये ओढा, हवा काढा. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, सरळ आत. कपड्यावरून दिलं तरी चालेल. ज्या हातांनी वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे पठ्ठे आस्मान दाखवून घडवले, त्याच हातांनी त्यांनी ती सुई धरली. मला फक्त टोचल्याचं आठवतं, आणि त्यांचा श्वास.

शेजारच्या अभिनंदननं गाडी काढली आणि हायवेनं आम्ही कोल्हापूर गाठलं. सलाइन, साखर, त्यातूनच हायड्रोकॉर्टिसोन. बाळाचे ठोके नीट होते. संध्याकाळपर्यंत मला पुन्हा माणसात आल्यासारखं झालं आणि पहिला विचार आला, की आता अब्बांना सोडायचं नाही. पण डॉ. संयोगितांनी माझी पाळी येऊ दिली नाही. त्यांनी अब्बांना खुर्चीत बसवलं आणि शाळेतल्या पोरासारखं झापलं. सांगितलं, की आजारात आणि कळांमध्ये धडधाकट माणसाच्या ग्रंथी आपोआप जास्त हार्मोन सोडतात, हिच्या सोडत नाहीत, म्हणून ते काम आपण सुईनं करतो. बाळाची काळजी नको, वार या औषधाचा बराचसा भाग वाटेतच निकामी करते. आणि हे औषध एकदम तोडलं तर माणूस जातो.

"हिचंच नव्हे," त्या म्हणाल्या, "महिनोन्‌महिने असल्या गोळ्या खाणाऱ्या कुणाचंही तसंच. आतली ग्रंथी झोपलेली असते. गोळ्या अचानक बंद केल्या तर ती लगेच उठत नाही. हळूहळूच कमी कराव्या लागतात."

अब्बा उठून बाहेर गेले. मला वाटलं, बाईमाणसानं झापलं म्हणून रुसले. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

माझं कागलला राहणं बंद झालं. प्रसूतीचं सगळं ठरलं. नैसर्गिक प्रसूतीच करायची, सिझर लागलंच तर बाळंतपणाच्या कारणासाठी, या आजारासाठी नाही. कळा सुरू झाल्या की शंभर मिलिग्रॅम, मग दिवसभर ठिबकत्या सलाइनमधून, जोडीला रक्तदाब, साखर आणि मिठावर लक्ष. बाळ झालं की दोन दिवस दुप्पट गोळ्या, मग हळूहळू नेहमीच्या.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी डॉ. संयोगिता दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनमध्ये होत्या. प्रसूतिकक्षाच्या दाराशी एक नवीन डॉक्टर होता. मी कळ आली की ओकत होते, आणि तो म्हणत होता, रक्तदाब तर चांगला आहे, आधी नोंदणी होऊ दे, तपासणी होऊ दे, स्टिरॉइडचं मग बघू. कामिल हात जोडून समजावत होता. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. दोघांच्याही.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून माझ्या बापाचा तालमीतला आवाज आला.

"आधी सुई. मग बाकीचं काय त्ये. रक्तदाब पडल्यावर देनार काय?"

तो डॉक्टर मागे सरकला आणि नर्सनं फाइलमधला डॉ. संयोगितांचा आदेश त्याच्यापुढं धरला. सुई लागली. हसावं असं फार वाटलं, पण पुढची कळ आली.

संध्याकाळी मुलगी झाली. व्यवस्थित रडली.

दुसऱ्या दिवशी अम्मी आणि कामिल जेवायला गेले आणि अब्बा माझ्याजवळ बसले. पोरगी त्यांच्या मांडीवर, त्यांच्या त्या मोडक्या कानांकडं टक लावून बघत होती. माझ्या दुपारच्या गोळीची वेळ झाली तेव्हा त्यांनी स्वतः पाणी दिलं. मी म्हटलं, आता ऐकवावं. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. जिंकले होते की मी.

ते पोरीकडं बघतच बोलायला लागले.

"सम्राटला मी कोंडला, त्याच्या तिसऱ्या दिशी त्यो ओकत हुता. पोट धरून बसला. अंग गार पडलं. मी म्हटलं, इख भाईर पडतंय, पडू दे. दवाखान्यात न्हेला न्हाय." ते थांबले. "शेवटाला त्योबी असाच गप झालता."

मी पोरीचं टोपडं सारखं केलं.

"त्या डाक्टरीणबाईनं सांगितलं तसंच का गं हुतं त्ये? तुला समाजतंय ह्यातलं. त्याला सुई दिली असती तर?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"मला ठाऊक न्हाय, अब्बा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझं एकही बोलणं त्यांना कधी पटलं नव्हतं, आणि हेही पटलं नाही.