गारव्याचा बोर्ड

बन्सीशेठने कंपनीचा कागद दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळा त्याचा चेहरा सारखाच पडला.

"बघ रामनाथ, काय लिहिलंय. बर्फ नको. अक्षरांवर लोंबणारे बर्फाचे सुळे नकोत. पांढरं अस्वल नको, पेंग्विन नको. कुडकुडणारी माणसं तर नकोतच. भर उन्हाळ्यातली दुपार, साध्या घराची बैठकीची खोली, खिडकीत आपलं यंत्र. आणि बघणाऱ्याला गार वाटलं पाहिजे. आता सांग, अस्वलाशिवाय माणसाला गार कसं वाटणार?"

बोईसर स्टेशनसमोर बन्सीशेठचं रेडिओ-पंख्यांचं दुकान होतं. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम सुरू झाल्यापासून साहेबलोकांच्या वसाहतीतून एअरकंडिशनरची विचारणा व्हायला लागली, म्हणून त्याने एका कंपनीची एजन्सी घेतली होती. दुकानावर पत्र्याचा मोठा बोर्ड लावायचा होता. मे लागायच्या आत चित्र पसंत पडलं नाही, तर कंपनी मुंबईहून छापील बोर्ड पाठवणार होती.

"मी काढतो," रामनाथ म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पालघरमधल्या निम्म्या दुकानांवरच्या पाट्या रामनाथच्या हातच्या. राममंदिराच्या सभामंडपातले दशावतारही त्याचेच. पण त्याची बायको प्रेमला वारल्यापासून त्याने माणसाचा चेहरा काढला नव्हता. नुसती अक्षरं रंगवायचा. डोळे काढायला ब्रश टेकवला की हात थांबायचा. हे चित्र जमलं तर जमलं. नाही तर आता जन्मभर अक्षरंच, हे त्याने मनाशी धरून ठेवलं.

एअरकंडिशनरच्या खोलीत तो कधी बसला नव्हता. बन्सीशेठने ओळख काढून त्याला प्रकल्पाच्या गेस्ट हाउसमध्ये नेलं. चिकूच्या वाडीला लागून असलेल्या त्या इमारतीच्या मागून ते गेले, तेव्हा खिडकीबाहेर आलेल्या पेटीतून भट्टीसारखी झळ येत होती आणि खाली पाणी ठिबकत होतं. वॉचमनने आपली खाट तिथून लांब ओढली होती. "अंदर की सारी गर्मी हमको देते हैं," तो म्हणाला.

आत यंत्राची एकसुरी घरघर चालू होती. रामनाथ खुर्चीत बसून राहिला. आधी पाठीला चिकटलेला सदरा गार लागला. मग तो सुटा झाला. टेबलावर वर्तमानपत्र होतं; त्यावर वजन म्हणून काही ठेवलेलं नव्हतं, तरी पान हलत नव्हतं, कारण वरचा पंखा बंद होता. पडद्याची कड तेवढी जरा जरा थरथरत होती. बर्फ कुठेच नव्हता. काढायला काही नव्हतंच म्हणा ना. बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलेलं आहे. ते कधी लावलं, आठवेना.

घरी येऊन त्याने निळा रंग कालवला आणि सगळी खोली निळी केली. ती गार दिसली नाही, आजारी दिसली. त्याने ती पुसून टाकली.

रामनवमीचे दिवस होते. संध्याकाळी मंदिरात एकनाथबुवांचं कीर्तन असायचं. रामनाथ पूर्वी पहिल्या ओळीत बसायचा, बायकांच्या बाजूला प्रेमला. आता तो खांबाला टेकून मागेच बसे. त्या दिवशी बुवा गंगातीरावर आले होते. प्रभू नावेत बसायचे आहेत आणि केवट म्हणतो, आधी पाय धुऊ द्या, मग नाव. मंडप माणसांनी भरलेला, वारा नाही, झांजवाल्याच्या कपाळावरून घाम गळतोय. बुवांनी गंगेचं वर्णन केलं नाही. नुसतं एक पाऊल पुढे टाकलं, केवटाने तांब्या ओतला असं समजून थांबले, आणि पायाचा अंगठा हळूच आत घेतला.

समोर बसलेल्या बायकांनी आपापली पावलं लुगड्याखाली ओढून घेतली. त्यांना कळलंही नाही. रामनाथला कळलं. तो बघतच राहिला. गंगा कुठे होती? बुवांच्या अंगठ्यात होती. देवाच्या दारात माणसाला काय सापडेल, सांगता येत नाही. रामनाथ तिथून उठला नाही, आरती झाली, प्रसाद घेतला, आणि सावकाश घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याने कोळशाने बाईची आकृती काढली. कोचावर कलंडून, दुपारची, भर उन्हाच्या वेळची गाढ झोपलेली बाई. विणलेला ताडाचा पंखा तिच्या हातातून सुटून जमिनीवर पडलेला. पातळ चादर कमरेपर्यंत ओढलेली. खिडकीत कंपनीचं यंत्र बसवलं आणि काचेबाहेर त्याने चुन्यासारखं पांढरंपिवळं ऊन ठेवलं, इतकं की बघताना डोळे बारीक व्हावेत. आतल्या सावल्यांत मात्र निळा नाही. राखाडी, थोडा हिरवा, पिकत आलेल्या केळीच्या पानाखाली असतो तसा. कपाळावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला असता तर चेहरा उठून दिसला असता, पण चकाकलेलं कपाळ म्हणजे घाम. त्याने कपाळ कोरडं ठेवलं. मानेवर चिकटणारे केस सुटे केले.

चेहरा काढताना हात थांबला नाही. संपल्यावर त्याने पाहिलं, तर ती प्रेमला होती. डोळे मिटलेले होते, म्हणून जमलं असेल. उन्हाळ्यात जेवण झालं की ती त्याच्या उशाशी बसून वारा घालायची, आणि तो झोपायचा. तिला दुपारी झोपलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

चित्र बघायला कंपनीच्या जाहिरात खात्यातून हंसाबेन आल्या. चष्म्याच्या, शांत बाई. मुंबईत वाढल्यामुळे मराठी स्वच्छ. कोरडं कपाळ त्यांनी बरोबर हेरलं. "हे छान केलंत, रामनाथभाई. पण हे दार?"

खोलीचं पुढचं दार रामनाथने सताड उघडं काढलं होतं. त्यातून तापलेलं अंगण दिसत होतं.

"दार म्हणजे, दारच की," रामनाथ म्हणाला. "दिवसाउजेडी उघडंच असतं."

"मग हे यंत्र खोली गार करील की तुमचं अंगण? बाहेरची गरम, दमट हवा सारखी आत येत राहणार. यंत्र थांबायचं नाही आणि गारवा यायचा नाही. गिऱ्हाईक हे चित्र बघून दार उघडं ठेवील आणि आम्हाला म्हणेल, तुमचं मशीन खोटं. दार लावायला हवं."

बन्सीशेठ हसला. "अरे, गेस्ट हाउसमध्ये तूच आत गेल्यावर दार लावलं होतंस ना?"

लावलं होतं. पण ते साहेबांचं घर. इथे पालघरात दिवसा दार लावायचं म्हणजे घरचे परगावी गेले, नाहीतर काही बरंवाईट झालं. प्रेमला गेली त्या दिवशी शेजाऱ्यांनी दार ओढून घेतलं होतं. तेवढंच. त्यानंतर रामनाथने ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडं ठेवलं होतं. कोणी येणार होतं म्हणून नव्हे.

"आठवड्याने येते," हंसाबेन म्हणाल्या. "त्या वेळी ठरवू. दाराचं काहीतरी करा मात्र."

त्याने दार लावलं. अंगण गेलं, तपकिरी फळ्या आल्या. मुरबे गावची भागी कोळीण सकाळी सुकट-बोंबिलाची टोपली घेऊन यायची आणि दार उघडं दिसतं म्हणून त्याच्याकडे पाणी प्यायला थांबायची. ती टोपली उतरवून चित्रापुढे उभी राहिली.

"ही वैनी ना?"

"हूं."

"झोपलीय बरी." भागीने आणखी बघितलं. मग पदर तोंडाशी नेला. "पन भाऊ, दार कशाला लावलाव? घरात कोन नाय वाटतंय. एकटीलाच ठेवून समदी गेली, असा दिसतंय. माझ्या काळजात चर्र झाला बघ."

"यंत्राला दार लावावं लागतं, भागी."

"यंत्राला लागत असंल. मानसाला नाय लागत." तिने पाणी पिऊन तांब्या पालथा घातला. "त्या बन्सीच्या दुकानावर हे लागलं तर आमी पोरींना सांगू, खाली मान घालून जा, वर बघवत नाय."

ती गेल्यावर रामनाथ बराच वेळ चित्रासमोर बसला. भागीचं खरं होतं आणि हंसाबेनचंही. दार उघडलं तर गारवा जातो. लावलं तर प्रेमला एकटी पडते. ती तशीही एकटी पडली होती, पण हे चित्र दुकानावर, रस्त्यावर लागायचं होतं. तिला असं बंद खोलीत ठेवून तो कसा जाणार?

दार कशामुळे लावतात, याचा तो विचार करत राहिला. कोणी नसलं की लावतात. आणि सगळे घरी आले, आता कोणी यायचं राहिलं नाही, तेव्हाही लावतात. रात्री आई शेवटचं माणूस आल्यावर कडी घाले, तशी.

तो उठला. ट्रंकेतून प्रेमलाच्या चपला काढल्या. डाव्या चपलेचा अंगठा तिने स्वतः दोऱ्याने शिवलेला होता. त्या दाराशी ठेवल्या, शेजारी स्वतःच्या ठेवल्या, आणि समोर बसून काढायला घेतल्या. आपल्याकडे चपला ओट्यावर सोडतात. चित्रात त्याने त्या लावलेल्या दाराच्या आतल्या बाजूला काढल्या. पुरुषाच्या, बाईच्या, आणि मग कोणाच्या तरी लहान, एक उलटी पडलेली, धावत आत आल्यासारखी. त्यांना मूल नव्हतं. हात थांबला नाही, म्हणून काढल्या.

हंसाबेन आल्या त्या दिवशी बन्सीशेठच्या दुकानात पंखा बंद पडला होता. सगळे घामाने भिजलेले. रामनाथने चित्रावरचं फडकं बाजूला केलं. हंसाबेन पुढे आल्या. चपलांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे. बघता बघता त्यांनी खांद्यावरून सुटलेला पदर पाठीमागून घेऊन अंगाभोवती गुंडाळला.

रामनाथने ते पाहिलं. बन्सीशेठने पाहिलं नाही. तो म्हणाला, "एका कोपऱ्यात तरी छोटं अस्वल, बेन?"

"काही नको," हंसाबेन म्हणाल्या. "आहे तसंच लावा." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "या बाई कोण?"

"घरच्याच," रामनाथ म्हणाला.

बोर्ड लागला. तारापूरकडे जाणाऱ्या बसची वाट बघणारी माणसं त्याच्याखाली उभी राहू लागली. सावली खरं तर पलीकडच्या पिंपळाखाली होती, तरी माणसं इकडेच उभी राहत, असं बन्सीशेठ सांगायचा. रामनाथ एकदाच बघून आला. समोरच्या टपरीवर बसून त्याने चहा घेतला. मधल्या रस्त्यावरून खडीचे ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि वर दार लावून ती निवांत झोपली होती. तिला कोणाला वारा घालायचा नव्हता. टपरीवाल्याने विचारलं, "और कुछ?" तो नाही म्हणाला. दार आतून लावलेलं असल्यामुळे त्याला तिथे काही करण्यासारखं नव्हतं. गाडी धरून तो पालघरला परतला.

दुसऱ्या सकाळी भागी आली. टोपली उतरवताना ती उंबऱ्यापाशी थबकली. चित्रासाठी काढलेल्या चपला रामनाथने ट्रंकेत परत ठेवल्या नव्हत्या. त्या दाराच्या आत, त्याच्या चपलांशेजारी तशाच होत्या.

"कोन आलंय काय, भाऊ?" तिने आवाज खाली आणून विचारलं.

दार नेहमीसारखं उघडं होतं. ऊन आतपर्यंत आलं होतं.

"बस," रामनाथ म्हणाला. "पाणी आणतो."