दस्तुरी न मागणारा साहेब

गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरला दस्तुरी चारल्याशिवाय मागावर हात ठेवायला मिळत नाही, हे ईरप्पा विणकराच्या अंगात मुरलेलं. म्हणून टपरीवर चहा पाजत, तुटलेला धागा कसा सांधता, असल्या चौकशा करणारे गिरणीतले भोसगे साहेब जेव्हा म्हणाले, "सोमवारी गिरणीच्या फाटकावर माझं नाव सांगा, माग चालवून दाखवा, पैसा एक लागणार नाही," तेव्हा ते त्याला थापाडेच वाटले. खरा वाटला तो समोरच्या लॉजमध्ये बसून कुवेतच्या नोकऱ्या देणारा कुवेतवाला. नोंदणीचे शंभर रुपये रोख, आणि आजच शेवटचा दिवस!

ईरप्पा उठला, तसे भोसगे म्हणाले, "खुशाल जा. फक्त बघा, तो आधी काम विचारतो का पैसे."

कुवेतवाल्यानं आधी हातच पसरला.

"सायेब, मला काय येतं ते तरी इचारा की!"

"आधी पैसे भर, मग बघू."

ईरप्पा पैसे खिशातच ठेवून जिना उतरला आणि सोमवारी फाटकावर गेला.

पहिल्या पगाराला त्यानं भोसग्यांपुढं पेढ्यांचा पुडा धरला. "लई उपकार झाले, सायेब. ही तुमची दस्तुरी."

भोसग्यांनी एक पेढा मोडला आणि अर्धा ईरप्पाच्याच हातावर ठेवला. "आणि ही तुमची. चांगला विणकर मलाही कुठं फुकट मिळतो?"