राखून ठेवलेला श्वास

सीटीच्या खोलीत पेशंटला दोनच कामं असतात. सांगितलं की श्वास घ्यायचा आणि सांगितलं की सोडायचा. एवढं सोपं काम, पण एकोणीस वर्षांत ताईला असा पेशंट क्वचितच भेटला होता की ज्याने ते पहिल्या झटक्यात नीट केलं. कोणी ‘घ्या’ म्हटलं की खोकतं, कोणी ‘धरा’ म्हटलं की टेबलाचा काठ धरतं. शेवटी वैतागून तिने स्वतःच्याच आवाजात सूचना रेकॉर्ड करून मशीनमध्ये भरल्या होत्या. आता मशीनच दिवसभर तिच्या आवाजात लोकांवर खेकसायचं, म्हणजे निदान तिचा घसा तरी वाचायचा.

पण या सगळ्यांवर कडी केली ती तिच्या सख्ख्या वडिलांनी.

अण्णांनी चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवलेला. वय सत्तरीच्या पुढे, सिगारेटला कधी हात लावला नाही, आणि गेली दोन वर्षं मात्र कोरडा खोकला आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर धाप. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली तेव्हा फुप्फुसांच्या तळाशी चरचर ऐकू आली, चिकटपट्टी हळूहळू उघडावी तशी. मग एचआरसीटी, म्हणजे छातीचे अगदी पातळ काप दाखवणारा स्कॅन. तो ताईनेच केला. आपल्या माणसाचा स्कॅन आपण करू नये असं सगळे म्हणतात. ताईसुद्धा इतरांना तेच सांगते.

आज, त्याला पंधरा दिवस झाल्यावर, रेडिओलॉजिस्ट बाईंनी तिला आत बोलावलं. या बाई तेव्हा रजेवर होत्या. रिपोर्ट दुसऱ्याच कोणीतरी लिहिला होता. शेजारी छातीचे डॉक्टर बसलेले. हे दोघं दर आठवड्याला फुप्फुसांच्या अवघड केसेस एकत्र बसून बघायचे. स्क्रीनवर अण्णांची छाती होती.

“डाग खरे आहेत,” बाई म्हणाल्या. “पालथं झोपवून काढलेल्या फोटोतही जागेवरून हलत नाहीत. ही बघ व्रणांची जाळी. आणि या श्वासाच्या नळ्या, आजूबाजूच्या व्रणांनी ताणून रुंद केल्या आहेत.”

ताईने हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पाहिलं आणि त्यानंतर तिला दुसरं काही दिसलंच नव्हतं.

“रिपोर्ट म्हणतो, श्वास सोडल्यावर हवा कुठे अडकत नाही,” छातीचे डॉक्टर म्हणाले. “मग आपण कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसकडे, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या व्रणांकडे झुकतो. पण अडकत असेल तर पेशंट काहीतरी हुंगतोय आणि त्याचं फुप्फुस त्याच्याशी भांडतंय असा संशय येतो. दोन्हींचा रस्ता वेगळा. एकात स्टिरॉइड दिलं तर नुकसान, दुसऱ्यात कदाचित उपयोग.”

“आणि हा फोटो श्वास सोडल्यावरचा म्हणे!” बाईंनी पेनाचं टोक स्क्रीनवर आपटलं. “श्वासनलिका बघ. काय दिसतंय?”

ताईने पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माणसाने खरोखर श्वास सोडला की श्वासनलिकेची मागची भिंत आत दबते. अण्णांची श्वासनलिका रुपयासारखी गोल होती. त्यांनी श्वास सोडलाच नव्हता. शिकाऊ मुलींना ती पहिल्याच आठवड्यात हेच शिकवायची.

“त्यांना विचारलं होतं मी,” ती पुटपुटली. “म्हणाले, सोडला.”

“पेशंटला काय विचारायचं? फोटोला विचारायचं,” बाई म्हणाल्या. “सोडलेल्या श्वासाचे थोडेच काप घे परत. आणि या वेळी मुलगी होऊन नको, टेक्निशियन होऊन घे.”

अण्णा बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांना परत टेबलावर झोपवताना ताईचं डोकं तडकलेलं होतं.

“अण्णा, मागच्या वेळी श्वास सोडला होतात ना?”

“सोडला की!”

“पूर्ण?”

“पूर्ण म्हणजे... वाजवणारा माणूस पूर्ण कधी सोडत नाही गं. थोडा खिशात ठेवतो. सूर तुटला तर?”

“इथे कुठला सूर आहे?” तिने कपाळावर हात मारला. “तुमच्या खिशातल्या श्वासापायी रिपोर्ट चुकला! पंधरा दिवस फुकट गेले!”

“मग ओरडून सांगायचंस. तुझं ते मशीन दोन सेकंदांत ‘धरा’ म्हणतं. घरीही तुझंच ऐका, इथेही तुझंच.”

चोराच्या उलट्या बोंबा! ताई काचेपलीकडे गेली. पहिला प्रयत्न: श्वासनलिका गोल. तिने मशीनचा आवाज बंद करून स्वतः माइकवर सांगितलं. अण्णा मान हलवत “हो, हो” म्हणाले, गाल फुगवले, आणि श्वास पुन्हा राखलाच. चाळीस वर्षांची सवय, पालथ्या घड्यावर पाणी. आणखी किती वेळा किरणांचा मारा करायचा? तिला काच फोडून आत जावंसं वाटलं. ती दारातून गेली, त्यांच्या उशाशी उभी राहिली आणि तिला एकदम सुचलं.

“अण्णा, मशीन विसरा. शेवटचं गाणं संपतंय. शेवटचा सूर. पुढे काही नाही, टाळ्या वाजल्या, दिवे गेले. खिसा रिकामा करायचा. किती लांब नेता येतो ते दाखवा.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग ओठ आवळले. पोटावर ठेवलेली बोटं हलायला लागली, सॅक्सोफोनच्या नसलेल्या चाव्यांवर. ताई धावत काचेमागे गेली. हवा निघत राहिली, निघत राहिली, खांदे खाली गेले, छाती पडली, आणि खोकला फुटायच्या आधीच्या क्षणी तिने बटण दाबलं.

श्वासनलिका चपटी. आणि आत फुप्फुसांचा नकाशाच बदललेला. हवा गेली तिथे करडं, आणि अधूनमधून काळेकुट्ट तुकडे, जिथून ती निघालीच नव्हती.

छातीच्या डॉक्टरांनी काप पाहिले आणि अण्णांना समोर बसवून प्रश्नांची फैर झाडली. घरात कबुतरं? पोपट? पिसांची उशी? ओल आलेली भिंत? कूलर? प्रत्येकाला उत्तर ‘नाही’, आणि प्रत्येक ‘नाही’ अण्णांच्या आधी ताई देत होती. घर ती आरशासारखं ठेवायची. तिला हे प्रश्न जरा अपमानाचेच वाटत होते.

“मध्ये कधी बरं वाटलं होतं?”

“दादाकडे,” ताई म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. “तीन आठवडे राहिले होते. खोकला निम्म्यावर. तिथली हवाच चांगली. परत आले आणि ये रे माझ्या मागल्या.”

“तिथे काय नव्हतं, जे इथे आहे?”

या वेळी उत्तर अण्णांनी दिलं, खिडकीकडे बघत. “सॅक्सोफोन.”

ऑर्केस्ट्रा सुटल्यावर तो पेटीत पडून होता. अडीच वर्षांपूर्वी ताईनेच तो काढायला लावला. फुप्फुसांना व्यायाम होतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं. रोज सकाळी तासभर. अण्णांनी टाळाटाळ केली की ती चिडायची, “अंगाला गंज चढेल तुमच्या!” धाप लागायला लागली तेव्हा तिने तासाचा सव्वा तास केला.

दुसऱ्या दिवशी तिने तो दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी नळीत विजेरी मारली. आत, चाव्यांखालच्या गाद्यांच्या कडेने काळपट हिरवी साय. आत कधी कोणी पुसलंच नव्हतं. वर्षानुवर्षं अण्णा बाहेरून पितळ चकाकवत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुढच्या काही आठवड्यांत प्रयोगशाळेत तीच बुरशी वाढली, आणि अण्णांची फुप्फुसं धुऊन काढलेल्या पाण्यातही भांडखोर पेशी भरपूर निघाल्या.

“प्रत्येक दमाला तीच आत जात होती,” डॉक्टर म्हणाले. “हे वाद्य आता घरातही नको. जिथे नुसती सूज आहे तिथे स्टिरॉइडने फरक पडेल. जे व्रण झाले ते परत जाणार नाहीत. त्यांची वाढ हळू व्हावी म्हणून दुसरी गोळी देऊ. तिने पोट बिघडतं, लिव्हर तपासत राहावं लागेल. आजार पुसला जाणार नाही. वेग कमी होईल, एवढंच आपल्या हातात.” मग ते अण्णांकडे वळले. “वाजवल्यावर संध्याकाळी अंग मोडून यायचं? कणकण?”

अण्णांनी आधी मुलीकडे पाहिलं. “यायची,” ते म्हणाले. “रोज.”

गाडीत बसल्यावर ताईचा बांध फुटला.

“रोज! दोन वर्षं रोज कणकण, आणि तुमचं अळीमिळी गुपचिळी? मी या खात्यात मरमर मरते, आणि माझ्याच घरात मला पत्ता नाही? सांगायला काय झालं होतं?”

“अगं, तू रागावतेस.”

“आता नाही रागावणार?”

“तसं नाही.” अण्णांनी दम खाल्ला. “मला नकोच होतं ते परत वाजवायला. सुटलं तेव्हा बरंच वाटलं होतं, खरं सांगतो. पण तुझी आई गेल्यावर तू हसेनाशी झाली होतीस. पहिल्या सकाळी वाजवलं तेव्हा कप हातात घेऊन दारात उभी राहिलीस आणि हसलीस. मग म्हटलं, वाजवू. तासाभराने काय होतंय.”

ताईने किल्ली फिरवली नाही. तिला खूप काही बोलायचं होतं, रागाचंच, पण रडूच आलं. तिच्या हसण्यासाठी हा माणूस रोज सकाळी आजार हुंगत होता, आणि ती दारात उभी राहून त्याला आणखी एक गाणं वाजवायला सांगत होती.

“एक काम करायचं,” शेवटी ती नाक पुसत म्हणाली. “यापुढे खिशात काही ठेवायचं नाही. जे होईल ते मला सांगायचं. त्याच दिवशी.”

अण्णांनी ते शब्दशः घेतलं. चार महिन्यांनी फुंकायच्या तपासणीत आकडा खाली घसरला नव्हता. सूज उतरली होती, जाळी होती तेवढीच होती. सातव्या पायरीऐवजी ते आता तेराव्या पायरीवर थांबायचे. पण ताईच्या मात्र नाकी नऊ आले होते. जुलाब झाले, फोन. शिंक आली, फोन. बोटाचा ऑक्सिजन एकाने कमी, फोन. आजही पेशंट टेबलावर, काचेपलीकडे मशीन तिच्याच आवाजात ‘श्वास धरा’ म्हणतंय, आणि फोन थरथरला.

“अगं, सकाळपासून दोनदा झाले. पातळ. आणि गुडघा. गुडघ्याचा गोळीशी काही संबंध नसेल, पण तू म्हणालीस सगळं सांगायचं म्हणून...”

“श्वास सोडा,” मशीन म्हणालं. तिने पेशंटचा फोटो तपासला, श्वासनलिका चपटी होती. फोन खांद्याने कानाशी दाबून तिने वैतागून सुस्कारा टाकला.

“ऐकतेय अण्णा,” ती म्हणाली. “अजून काय?”