द्रौपदीच्या दुधाचा आकडा

बोरिवली पूर्वेला श्यामकांत प्रभूंची छोटी दूध डेअरी होती. १९८५च्या एप्रिलमध्ये गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, दूध पातळ येतंय म्हणून. श्यामकांतांनी दुधाचा दाटपणा मोजणारा एक लॅक्टोमीटर विकत आणला, आणि तो वापरायला रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली पद्मजा नाडकर्णी ठेवली. पद्मजा तेवीस वर्षांची होती. ही तिची पहिली नोकरी.

पहिल्याच सकाळी गोठेवाले आपापले कॅन घेऊन ओळीत उभे राहिले. पद्मजाने काचेच्या उंच नळीत दूध ओतलं आणि त्यात लॅक्टोमीटर हलकेच सोडला. खाली काचेचा जड फुगा, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. दूध दाट असेल तर ते लॅक्टोमीटरला जास्त उचलून धरतं, पातळ असेल तर तो खोल जातो. दांडीवर लहान आकडे वर, मोठे खाली. म्हणजे जितका खोल बुडेल तितका आकडा लहान. ती वाकून, डोळे दुधाच्या पातळीशी आणून वाचत होती. अठ्ठावीसच्या खाली आलं तर दूध परत, असं श्यामकांतांनी ठरवलं होतं.

एकोणतीस. तीस. वसईकडून टेम्पोने येणाऱ्या धोंडिरामचं अठ्ठावीस, जेमतेम पास.

शेवटी द्रौपदी आली. पन्नाशीची, संगमेश्वरची. नवरा गुणाजी गिरणीत होता. संपानंतर ती नोकरी सुटली, तेव्हा दोघांनी गावची जमीन विकून चार म्हशी घेतल्या. गोठा डेअरीच्या मागच्याच गल्लीत होता.

लॅक्टोमीटर तिच्या दुधात चांगलाच खोल गेला. पंचवीस.

पद्मजाने दोनदा वाचलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, यात पाणी आहे. हे घेता येणार नाही."

ओळीतल्या कुणीतरी घसा खाकरला. द्रौपदी ओरडली नाही. तिने झाकण लावलं, पदर खोचला आणि म्हणाली, "बाय, पाणी मी म्हशींना पाजते, दुधात घालत नाय. चार वाजता धार काढते. तू ये. तुझ्या डोळ्यासमोर काढते. मग तुझी ती कांडी काय ते सांगू दे."

दिवसभर पद्मजाचं कामात लक्ष लागलं नाही. काचेने खोटं बोलायचं काय कारण? पण त्या बाईच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. चारला ती लॅक्टोमीटर, नळी आणि त्यांच्यासोबत आलेला, अजून न वापरलेला थर्मामीटर पिशवीत घालून गोठ्यावर गेली.

गोठा पत्र्याचा, पण झाडून-पुसून लख्ख. गुणाजी पेंड भिजवत होता. त्याने नुसती मान हलवली. तो रागावला होता हे उघड होतं. द्रौपदीने म्हशीची कास धुतली, फडक्याने कोरडी केली, रिकामी चरवी पद्मजासमोर उपडी करून दाखवली आणि धार सुरू केली. चरवीत फेस चढत गेला. आसपास पाण्याचा थेंब नव्हता.

"घे," द्रौपदी म्हणाली.

पद्मजाने नळी भरली. लॅक्टोमीटर पुन्हा पंचविसावर थांबला.

गुणाजी पेंड सोडून जवळ आला. आता चूक कुणाची हे पद्मजाला कळायला लागलं होतं, फक्त कशी ते कळत नव्हतं. तिने नळी हातात घेतली. काच चांगली गरम लागली. चहाचा पेला धरावा तशी.

तिने लॅक्टोमीटर पुसून दांडी उजेडात धरली. आकड्यांच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: साठ अंश फॅरनहाइट. म्हणजे साडेपंधरा सेल्सिअस. त्या तापमानालाच हे आकडे खरे. तिने दुधात थर्मामीटर घातला. सदतीस.

"मावशी, तुमचं दूध गरम आहे," ती म्हणाली.

"म्हशीतून थंड कुठनं येणार?"

पद्मजाला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. "गरम दूध फुगतं, हलकं होतं. शिवाय आत्ताच काढलेल्या दुधात हवा असते. म्हणून कांडी खोल जाते. बाकीच्यांचं दूध लांबून येतं, वाटेत निवतं. तुम्ही गल्लीतून थेट आणता. सगळ्यांत ताजं तुमचं, म्हणून सगळ्यांत लहान आकडा तुमचा."

गुणाजी म्हणाला, "म्हणजे जवळ राहायचा दंड झाला आमाला."

पद्मजाने झाकणाची एक किटली दुधाने भरून घेतली. डेअरीत ती थोडासा बर्फ टाकलेल्या पाण्यात अडीच तास बुडवून ठेवली. बाहेरून, आत थेंबही जाऊ न देता. सात वाजता फेस बसलेला होता, दूध वीस अंशांवर आलं होतं. हळूच ढवळून तिने श्यामकांतांना बोलावलं.

"काका, तुम्हीच वाचा."

श्यामकांत वाकले. "तीस."

"साडेपंधराच्या वरच्या दर अंशामागे दोन दशांश मिळवायचे. साडेचार अंश जास्त, म्हणजे जवळजवळ एक मिळवा. एकतीस. म्हशीचं चांगलं दूध एवढंच दाखवतं."

श्यामकांतांनी पुन्हा एकदा वाकून दांडी वाचली. "मग आपण आज सकाळी काय केलं?"

"मी केलं," पद्मजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओळ लागली तेव्हा तिने काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काल मी द्रौपदीमावशींच्या दुधात पाणी आहे म्हटलं. ते चूक होतं. तापमान न बघता आकडा वाचला. त्यांचं दूध एकतीसचं आहे." द्रौपदीने नुसतं "बरं" म्हटलं आणि कॅन पुढे सरकवला. पण तिचे खांदे सैल झाले.

त्या दिवसापासून आधी थर्मामीटर, मग लॅक्टोमीटर. गरम दूध बर्फाच्या टाकीत निववून मगच मोजायचं. आणि धोंडिरामची पाळी आली तेव्हा आकडा कालचाच होता, अठ्ठावीस, पण थर्मामीटर दहावर थांबला. थंड दुधात लॅक्टोमीटर उगाच वर राहतो. पद्मजाने एक वजा केला. सत्तावीस.

"धोंडिरामभाऊ, इतकं थंड कसं हो?"

"बर्फ टाकतो ना," तो सरळ म्हणाला. "वसईहून यायचं, उन्हाळ्यात दूध नासतं. चार ढेकळं टाकली की झालं."

श्यामकांतांनी कपाळावर हात मारला. बर्फ वितळून दुधात पाणी मिसळत होता आणि दूध थंड ठेवून तेच पाणी लपवतही होता. धोंडिरामला हे खरंच ठाऊक नव्हतं, किंवा निदान त्याचा चेहरा तसा पडला.

द्रौपदीच पुढे झाली. "अरे, बर्फ भाईर ठेव की. टबात बर्फ, बर्फात कॅन, वरनं ओलं गोणपाट. एवढं साधं."

धोंडिरामने तसं केलं. आठवड्याने त्याचं दूध बारा अंशांवर एकोणतीस दाखवू लागलं, आणि वजाबाकी करूनही पास होत राहिलं. गिऱ्हाइकांची कुरकुर मे संपायच्या आत थांबली.

द्रौपदीला अक्षरओळख नव्हती. पण दुपारी डेअरीत गर्दी नसली की ती पद्मजाजवळ येऊन बसायची आणि दांडीवरच्या रेघा वरून खाली मोजायची. जूनमध्ये एकदा गुणाजी सोबत आला होता. द्रौपदीने निवलेलं दूध नळीच्या कडेने, फेस न होऊ देता ओतलं, कांडी सोडली, ती काचेला टेकत नाही हे बघितलं आणि गुडघ्यांवर वाकली.

"एकतीसला एक रेघ कमी," ती म्हणाली.

पद्मजाने वाकून पाहिलं. बरोबर होतं. गुणाजीने हात पाठीमागे बांधले आणि तोही वाकला, आणि बायकोने बोट दाखवलेली रेघ शोधत बराच वेळ तसाच राहिला.