चुन्याखालची अक्षरं

निजामपुऱ्यातल्या जुन्या मशिदीची बाहेरची भिंत डागडुजीच्या कामासाठी मी पाणी मारून मऊ ब्रशने धूत होतो. कबुतरांची घाण सुकी खरवडली तर तिची धूळ छातीत जाते, हे मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्ली हाशिमचाचांना पटवताना माझं डोकं फिरलं होतं. वर कोनाड्यात पिल्लं होती. ती उडाल्याशिवाय जाळी लावणार नाही, हेही मी बजावलं होतं.

घाणीबरोबर जुनी सफेदी पापुद्र्यासारखी सुटली. खाली लाल ऑइलपेंट निघाला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत कुणीतरी लिहिलेली आणि चाचांनी चुन्याने झाकलेली धमकी उघडी पडली: ‘एकालाही सोडणार नाही.’

ब्याण्णवचा डिसेंबर होता आणि शुक्रवार. लोक नमाजाला निघाले होते. आणि त्या अक्षरांसमोर ब्रश घेऊन उभा होतो मी, सुधीर गोखले.

“ॲसिड मारू,” चाचा म्हणाले.

“ॲसिडने रंग जाणार नाही, भोवतीचा चुना खाल्ला जाईल. मग अक्षरं कोरल्यासारखी कायमची राहतील,” मी खेकसलो.

रंग ओढून घ्यायला मी मुलतानी माती थिनरमध्ये कालवून तिचा जाड लेप अक्षरांवर थापला आणि तो सुकू नये म्हणून वर पारदर्शक प्लास्टिक लावलं. रंग सुटायला संध्याकाळ होणार होती, पण तोवर धमकी झाकली तरी गेली असती. माती ‘सोडणार’पाशी संपली; ‘सोडणार नाही’ उघडंच राहिलं.

गल्लीतून माणसं येऊ लागली. चाचा उरलेल्या अक्षरांना पाठ लावून उभे राहिले.

“चाचा, आत चला, खुतबा सुरू होतोय,” कुणीतरी म्हणालं.

“तुम्ही व्हा पुढे.”

खुतब्याचं प्रवचन संपलं, नमाज उभी राहिली. चाचा हलले नाहीत. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.