नानाजींचं कार्ड

प्रमिला मॅडमच्या चौथीच्या वर्गात त्या दिवशी बसायला जागा नव्हती. पवनारजवळच्या त्या गावात शाळेला पाहुणे येणं म्हणजे कौतुकच. केंद्रप्रमुख आले होते, आणि मॅडमनी हौसेनं पालकांनाही बोलावलं होतं. गोष्टीचं नाटुकलं कसं करतात ते दाखवायचं होतं ना! बाई तशा कामसू, यात शंका नाही. पण कौतुकाची थोडी हाव त्यांना होती, हेही खोटं नाही.

गोष्ट त्यांनीच रचलेली. शेतातलं बुजगावणं एक दिवस शेतकरणीकडे रजा मागतं, ती देत नाही, तर ते रुसून डोळे मिटून घेतं आणि रानडुकरं हरभऱ्यात शिरतात. आधी त्यांनी गोष्ट सांगितली. मग प्रसंग कोणते, कोण कोणाशी बोलतं, हे पोरांकडूनच काढून घेतलं. ‘बुजगावण्याला वाईट वाटलं’ हे वाक्य प्रेक्षकाला दिसणार कसं, यावर वर्गात चांगली हुज्जत झाली. शेवटी ते वाक्य काढून तिथं एक संवाद आला, आणि कंसात ‘मान खाली घालतं’ अशी सूचना. अशी संहिता तयार झाली. मॅडमनी ती आवाज चढवत-उतरवत एकदा वाचून दाखवली, पोरांनी मागून म्हटली, मग भूमिका वाटल्या.

बुजगावणं अर्थातच आचल. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. आई-वडील सिंदीला कामाला, ही इथं आजोबांजवळ, म्हणजे नानाजींजवळ वाढलेली. संहितेचा कागद हातात आला की दुसऱ्या दिवशी आचलला सगळ्यांचेच संवाद यायचे. मॅडम तिचं उदाहरण भेटेल त्याला द्यायच्या. ‘आमची आचल धडाधडा वाचते,’ हे गावातल्या किराणा दुकानापर्यंत पोचलं होतं. नानाजींना स्वतःला अक्षरओळख नव्हती. नात रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवते, म्हणून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं.

पहिली फेरी झाली. दोन्ही हात आडवे धरून आचलनं असं बुजगावणं उभं केलं की केंद्रप्रमुखांनाही हसू आवरेना. मग मॅडमनी सांगितलं, आता अदलाबदल. नाटक करणाऱ्यांनी प्रेक्षक व्हायचं, प्रेक्षकांनी नाटक करायचं. आणि प्रेक्षकानं नुसतं बघत बसायचं नाही, प्रत्येकाला एकेक कार्ड, त्यावर एकेक काम. कोणी नवे शब्द टिपायचे, कोणी शेतकरणीला विचारायला प्रश्न काढायचा. पालकांनाही कार्डं मिळाली. हे त्या कोणत्या तरी प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या, आणि खरंच चांगलं शिकून आल्या होत्या. नवीन कार्डं असल्यामुळे ती मात्र आधी कोणी वाचून दाखवलेली नव्हती.

दुसऱ्या फेरीत निकेश बुजगावणं झाला. तो अडखळत होता, कागदात बघून बघून बोलत होता. आचल कार्ड मांडीवर ठेवून त्याच्याकडे एकटक पाहत होती आणि त्याच्या आधीच त्याचे संवाद पुटपुटत होती. फेरी संपली. मॅडम एकेकाला आपलं कार्ड वाचून उत्तर द्यायला सांगू लागल्या. आचलची पाळी आली.

तिच्या कार्डावर सोपं काम होतं. बुजगावणं रुसलं हे निकेशच्या कोणत्या हालचालीवरून कळलं, ते सांगायचं. आचलनं कार्ड उचलून डोळ्यांपुढं धरलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं. आचल कार्डाकडे बघत राहिली. केंद्रप्रमुख बघताहेत, पालक बघताहेत, आणि नेमकी हीच पोरगी तोंड शिवून बसलेली. मॅडमचा पारा चढला.

“स्वतःची भूमिका संपली की दुसऱ्याचं बघायचंच नाही का? एवढा भाव खायचा नसतो, आचल.”

आचलचे कान लाल झाले. मागं सतरंजीवर बसलेल्या नानाजींना ते बघवेना. ते उठून पुढं आले आणि नातीची बाजू सावरायला आपलं कार्ड तिच्यापुढं धरलं. “लहान आहे, मॅडम,” ते म्हणाले. “बेटा, माह्यं कार्ड वाच बरं. तू वाच, मी उत्तर देतो.”

आचलनं कार्ड घेतलं. ओळीवरून बोट फिरवत तिनं खणखणीत आवाजात वाचलं, “बुजगावण्याची वाट पाहणारं कोणी आहे का? असेल तर कोण?”

प्रमिला मॅडमनी कार्डाकडे पाहिलं. ते कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्यावर होतं, ‘शेतकरणीच्या जागी तुम्ही असता तर रजा दिली असती का?’ पोरीचं बोट नीट शब्दाशब्दावर थांबत होतं, आवाज वाचल्यासारखा चढत-उतरत होता, आणि त्यातला एक शब्दही कार्डावर नव्हता.

नानाजी विचार करून म्हणाले की घर नाही त्याले, पण रजा मागतली म्हणजे कोणीतरी असंन. बिनकामाचं कोण रजा मागते? लोक हसले, टाळ्या वाजल्या. केंद्रप्रमुख मॅडमकडे वळून म्हणाले की प्रश्न फार सुंदर काढलात तुम्ही. मॅडम ‘थँक यू सर’ म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली.

पाहुणे गेल्यावर त्यांनी आचलला थांबवून घेतलं. समोर नवीन कार्ड ठेवलं, दोन शब्दांचं. पोरगी चित्र शोधावं तसं त्यावर बघत राहिली.

मॅडमना एकेक आठवायला लागलं. वाचनाची चाचणी त्यांनी घेतली ती धड्यावरच, आणि तो धडा आठवडाभर वर्गात सगळ्यांनी मिळून म्हटलेला. संहिता दर वेळी आधी त्याच वाचून दाखवत. कधी अनोळखी मजकूर या पोरीपुढं ठेवलाच नाही, कारण गरजच वाटली नाही. अडखळणाऱ्या निकेशला मात्र त्या रोज जवळ घेऊन बसत.

“अन् नानाजीले पेपर वाचून दाखवतेस तो?” पोरांशी शाळेत ठेवणीतलं बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून घरची भाषा निघाली.

“चित्रं पाहून सांगतो. त्याइले खरं वाटते.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं, बाई?”

आचलनं कार्ड उलटं करून ठेवलं. “तुमी सगळ्याइले सांगतलं होतं, आचल धडाधडा वाचते म्हणून,” ती म्हणाली. “मंग मी कसं सांगू? नानाजीले नोका सांगू, मॅडम.”

लाजेनं मॅडमना तिच्याकडे बघवेना. याच पोरीला त्या सगळ्यांसमोर भाव खाऊ नको म्हणाल्या होत्या.

दोघी बाहेर आल्या तर नानाजी भिंतीला टेकून वाट बघत होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले की आमच्या घरात पहिल्यांदा कोणी वाचणारं निघालं, तुमचे उपकार हायेत. मॅडमना वाटलं, इथून पळून जावं.

“नानाजी, उद्यापासून आचल जरा उशिरा घरी येईल.”

“काऊन? तिचं काई राह्यलं काय?”

“तिचं नाई,” मॅडम म्हणाल्या. “माह्यं राह्यलं.”

नानाजींना तो मोठेपणाच वाटला. एवढ्या शिकल्यासवरल्या बाई आणि किती नम्र, असं काहीसं ते पुटपुटले, आणि नातीला म्हणाले की पाया पड मॅडमच्या. आचल वाकली. प्रमिला मॅडमनी पाय मागं घेतले, पण मागं शाळेची भिंत होती.